करवंटीचं माप

यशोदा तांडेलणीनं तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिली, आणि तिच्या तोंडाला मालवणच्या बाजारात कुणी लागत नसे. सुरमई घ्यायला आलेल्या मुंबईकराला ती दोन वाक्यांत गार करी. पण गुडघे काही तोंडावर चालत नाहीत. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात ते असे सुजले की डॉक्टरांनी हात जोडले, "मावशी, यापुढे डोक्यावर नारळसुद्धा ठेवायचा नाही."

मग करायचं काय? नवरा दर्यावर गेला तो परतला नव्हता, त्यालाही आता बारा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. पण यशोदेच्या हाताला एक गुण होता. तिनं काठी रोवली तरी तिला पालवी फुटे. अंगणात जास्वंदीच्या फांद्या लावून लावून तिनं रोपं केली, मातीच्या कुंड्या आणल्या आणि वर्षभरात वाडीतली माणसं तिच्याकडे झाडं मागायला येऊ लागली. त्यातच किनाऱ्यावर नवं हॉटेल बांधणाऱ्या संजनाबाई एके दिवशी कुंपणाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मला उद्घाटनाला साठ कुंड्या लागतील. मेच्या पहिल्या आठवड्यात. जमेल?"

"जमात मगो!" यशोदा म्हणाली. "न जमूक काय झाला?"

ह्या साठ कुंड्या गेल्या की हॉटेलाची कायमची बागही तिच्याकडेच येणार होती. नाही गेल्या तर पुन्हा पाटी, आणि पाटी आता उचलणार कोण? एवढी गोष्ट तिला चोवीस तास समोर दिसत होती, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून त्या झाडांकडे बघत असे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा पानांच्या कडा तपकिरी झालेल्या पाहिल्या. टोकापासून सुरुवात, मग कडेकडेनं भाजल्यासारखी रेघ, मधलं पान मात्र हिरवंच. दोन दिवसांत माना टाकल्या झाडांनी. दुपारीच नव्हे, सकाळीसुद्धा.

"तहानली गो," ती स्वतःशीच म्हणाली, आणि एकाऐवजी दोनदा पाणी घालू लागली. माती काळी ओली झाली, बोट रोवलं तर चिखल लागे, तरी झाडं मान वर करीनात. मग तिला वाटलं, खारा वारा. समुद्र दोनशे पावलांवर, वारा सुटला की खिडकीच्या गजांवर मीठ बसतं, झाडांवर का नाही बसणार? तिनं वीस कुंड्या एकेक करून, गुडघे दाबत, घराच्या मागच्या अंगाला नेल्या. तिथं वाऱ्याची झुळूकही पोचत नाही. मागच्या झाडांच्या कडाही तशाच जळत गेल्या.

आता यशोदेच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माणूस घाबरला की त्याला कुणीतरी दोषी लागतो. तिला तो कुंपणापलीकडेच सापडला.

कुंपणापलीकडे भाई मोंडकर राहत. आयुष्य जहाजावर काढून घरी परतलेला, मितभाषी, मिशाळ माणूस. गेल्या वर्षी त्यांनी खाली खाडीकाठच्या खाजणात कोळंबीचं तळं खणलं होतं, खाडीचं खारं पाणी भरून. यशोदेची विहीर त्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. झालं! खारं पाणी मातीतून झिरपून विहिरीत आलं आणि विहिरीतून झाडांत गेलं, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिनं पाण्याचा घोट घेतला तो मचूळच लागला. काल लागला नव्हता, पण त्याचं काय!

तिनं कुंपणाशी उभं राहून जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. भाई कोळंबीला खाद्य टाकीत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "यशोदे, माझा तळा खालती, तुझी विहीर वरती. पाणी वर चढणा नाय गो."

"चढता की नाय ता मी दाखवतंय तुमका!"

आणि तिनं दाखवलंच. त्याच संध्याकाळी ती नारळ घेऊन देवळात गेली आणि परशुराम गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. आमच्याकडे माणूस कोर्टात जायच्या आधी देवाकडे जातो, हे काही नवीन नाही. परशुरामानं नेहमीसारखा आवाज लावून देवाला हाक घातली आणि यशोदेनं सांगितलं तसं मागणं मांडलं, "जेनी हिची झाडा जाळली, तेच्या घरची हिरवळ करपान जांवदे, तेका पाण्याच्या थेंबाक तरसांदे!" बाजूच्या चार माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. यशोदेला तेव्हा फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तहसील कचेरीत तक्रार द्यायला गेली. कारकुनानं अर्ज उलटा-सुलटा करून परत दिला. "मावशी, नुकसानीचे फोटो लावा आणि कृषी कार्यालयाचा अभिप्राय आणा. नुसत्या तोंडी बोलण्यावर काय करणार आम्ही?"

फोटो म्हणजे बाळा. मालवणात लग्नाचे फोटो काढणारा बाळा मोपेडवरून आला, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर छत्री. सवय जाईना त्याची. कुंड्या उंचीप्रमाणे लावायला लागला, मधली जास्वंद नवरी असल्यासारखी पुढे ओढली, आणि म्हणाला, "मावशे, वायच पाणी मारतंय पानांवर, चमक येयत."

"शिरा पडो तुझ्या चमकेवर! मेलेल्याक पावडर लावतंस? आसा तसाच काढ."

त्यानं जवळून पानं काढली, पुढच्या-मागच्या अंगणातल्या कुंड्या काढल्या, मातीही काढली. शेवटी सगळ्या रांगेचा एक मोठा फोटो घेताना तो थबकला. कोपऱ्यात धुण्याच्या दगडाशी तेलाचा जुना डबा होता, त्यात यशोदेनं घरच्या जेवणापुरती मिरची लावलेली. "ह्यो डबो उचल गे, फोटो खराब दिसता."

"रवांदे तो. त्यात माझी आमटी आसा," यशोदा म्हणाली. बाळानं कपाळाला हात लावून बटण दाबलं.

तीन दिवसांनी फोटो धुऊन आले. ते पाकीट आणि विहिरीच्या पाण्याची बाटली पिशवीत घालून यशोदा तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन बसली. बाटली तिची तिनंच घेतली होती, पुरावा म्हणून. तिथं विनीता सावंत नावाची तरुण अधिकारी होती. मूळ सावंतवाडीची, केस घट्ट बांधलेले, टेबलावर भिंग. कचेरीत बसून ती शहरी मराठी बोले. यशोदाही मग जमेल तशी तीच बोलू लागली.

"खाऱ्या पाण्यानं जळाली आहेत झाडं. एवढं लिहून द्या मॅडम."

"बघू तर दे, मावशी."

विनीतानं फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. पहिला उचलला. भिंगातून पाहिलं, दुसरा पाहिला. एकेक फोटो ती सावकाश निरखत गेली, आणि यशोदेला ते आवडलं. घाईत बोलणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नसे.

"दुष्काळ नाही हा," विनीता म्हणाली. "म्हणजे पाणी कमी पडलेलं नाही. बघ, माती काळीभोर ओली दिसते, कुंडीच्या कडेला चिकटून आहे. पाणी कमी पडलं की माती आक्रसते, कुंडीपासून सुटते, मधे फट पडते. आणि तहानलेलं झाड पाणी घातल्यावर संध्याकाळपर्यंत उभं राहतं. तुझं राहिलं?"

"नाही."

"आणि समुद्राचा वारा पण नाही. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूची पानं आधी भाजतात. इथं चारी बाजू सारख्याच. ही मागच्या अंगणातली झाडं ना? भिंतीच्या आड?"

"तीच. मीच नेली."

"तीही तशीच. तर पाणी किंवा माती, ह्यातलं काहीतरी."

"पाणीच!" यशोदा खुर्चीतच सरसावून बसली. "खारं पाणी. मी सांगते ना तुम्हाला."

विनीतानं मातीचा फोटो भिंगाखाली धरला. मातीवर पांढुरकी पापडी दिसत होती, कुंडीच्या काठालाही पांढरं उमटलेलं. "ही पापडी खाऱ्या पाण्यानंही येते, खरं आहे. आणि कडा खाऱ्या पाण्यानंही अशाच जळतात. नुसतं पान बघून मी सांगू शकणार नाही, खोटं कशाला बोलू? पण हे काय आहे?"

तिनं भिंग यशोदेपुढे सरकवलं. खोडाच्या बुडाशी, ओल्या मातीत, करडे बारीक दाणे होते. यशोदेनं ते पाहिले आणि पाहिलं न पाहिलं केलं.

"खत ते. दाणेदार खत. घालतेच मी."

"किती?"

"फार नाही. चिमूटभर."

"चिमूटभर म्हणजे कशानं मोजून?"

आता आली का पंचाईत! यशोदेकडे माप एकच होतं, करवंटी. सासऱ्यांच्या काळापासून ह्या वाडीत माडांना खत करवंटीनं घालतात, मोठ्या माडाला पाच-सहा करवंट्या. मग कुंडीला पाव करवंटी म्हणजे चिमूटच की. आणि उद्घाटन जवळ आलं, झाडांनी बाळसं धरायला हवं, म्हणून आठ दिवसांनी आणखी पाव.

"पाव करवंटी," ती हळूच म्हणाली. "दोनदा."

विनीतानं भिंग खाली ठेवलं. "आणि पानं कधी जळायला लागली?"

यशोदेनं बोटांवर दिवस मोजले. दुसऱ्यांदा खत घातलं सोमवारी, गुरुवारी कडा दिसल्या. तिला हे सांगावंसं वाटेना, पण सांगितलं.

विनीतानं तो शेवटचा, सगळ्या रांगेचा फोटो उचलला. कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही मिरची कुणाची?"

"माझी. आमटीची."

"हिला पाणी कुठलं?"

"विहिरीचंच. दुसरं कुठून आणू?"

"आणि खत?"

"तिला कशाला खत! ती काय हॉटेलात जायची आहे?"

बोलून झालं आणि यशोदा फोटोवर वाकली. फोटोत जास्वंदींची सगळी रांग माना टाकून उभी होती, आणि कोपऱ्यात तेलाच्या फुटक्या डब्यात मिरची कशी तुकतुकीत हिरवी, दोन मिरच्या लोंबताहेत, कडेला एक डाग नाही. तिलाही तीच विहीर, तेच ऊन, तोच वारा.

तरी विनीतानं बाटलीतलं पाणी मागच्या खोलीत नेलं. पेनासारखं एक मीटर होतं तिच्याकडे, ते पाण्यात बुडवलं, आकडा वाचला. "उत्तम पाणी आहे, मावशी. खारं तर मुळीच नाही. पी खुशाल."

"पण खतानं झाड जळेल कसं?" यशोदेचा आवाज चिरका झाला. "खत म्हणजे खाणं ना? खाण्यानं कुणी मरतं?"

विनीता कचेरीची मराठी बाजूला ठेवून म्हणाली, "मावशे, तू बांगडे खारवतंस ना?"

"सगळो जन्म ता केलंय."

"मीठ लावल्यार बांगड्याचा पाणी खंय जाता?"

"भायर येता. मीठ वढून घेता ता—" आणि यशोदा तिथंच थांबली. तिचे दोन्ही हात मांडीवर पडले. परातीत खारवलेले बांगडे, रात्रीत खाली साठलेलं पाणी, आक्रसलेलं मांस, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. "म्हणजे माझ्या झाडांका मीच खारवलंय?"

"खत पण एक तऱ्हेचा मीठच. माती झाडापेक्षा खारट झाली की मुळाक पाणी घेवक येणा नाय. पाण्यात उभा रवान झाड तहानता."

यशोदा रडली नाही. मासळी विकणारी बाई कचेरीत रडत नाही. पण तिला गाऱ्हाणं आठवलं. जेनी हिची झाडा जाळली. आई गे! देवानं ऐकलं असतं तर करपायचं कुणाचं घर होतं?

"मेली काय ती?" तिनं विचारलं.

"सगळी नाही. मुळं धुवायची. वरचे दाणे नि एक बोटभर माती खरवडून टाक. कुंड्या विटांवर ठेव, खालची भोकं मोकळी हवीत. मग साधं पाणी, कुंडी भरून, हळूहळू, खालून निथळू दे. अर्ध्या तासानं पुन्हा. असं तीनचारदा, आणि दोन दिवसांनी पुन्हा. निथळलेलं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नकोस, माडाच्या आळ्यात सोड, त्यांना चालतं. झाडं सावलीत ठेव, आणि नवी पानं येईतो खताचा दाणा नको. जळलेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नकोस. नवं पान बघ."

यशोदेनं तिच्या हाताला हात लावून तो कपाळाला लावला. विनीता लाजून मागे सरली. "तुमी माका वाचवलास गो बाय," यशोदा म्हणाली, आणि तो तक्रारीचा अर्ज तिथंच फाडून पिशवीत घातला.

घरी येऊन विहिरीत वाकली तेव्हा खरी पाचावर धारण बसली. एप्रिल अखेर. विहिरीनं तळ दाखवलेला, दिवसाला चारसहा कळशा निघत, पिण्यापुरत्या. साठ कुंड्या चारचारदा धुवायच्या म्हणजे पाणी किती! आणि वाडीत ह्या दिवसांत भरलेली गोड्या पाण्याची विहीर एकच होती, वर उतारावर. भाई मोंडकरांची.

तिनं बराच वेळ ओसरीवर बसून काढला. मग उठली, पदर नीट केला, आणि कुंपणाला वळसा घालून सरळ त्यांच्या पायरीशी गेली. भाई जाळं विणत होते.

"भाईनू, माझी झाडा तुमच्या तळ्यान जळली नाय. मीच जाळलंय. खत जास्त घातलंय." एका दमात बोलली, कारण मधे थांबली असती तर पुढचं निघालं नसतं. "तुमका नको नको ता बोललंय. देवळात गाऱ्हाणा पण घातलंय तुमच्या नावान. आता माका पाणी व्हया, आणि मागूक माझा तोंड नाय."

भाईंनी जाळ्यातली सुई काढून बाजूला ठेवली. "किती कुंडये?"

"साठ."

"पाईप पोचात तुझ्या अंगणापर्यंत. मी पंप लावतंय, तू विटा मांड." आणि उठता उठता मिशीतल्या मिशीत म्हणाले, "गाळी घालतंस तेवा आवाज केदो, आणि आता ऐकूक येना नाय. वायच मोठ्यान बोल."

दोन दिवस पंप चालला. यशोदा कुंडीकुंडीतली माती करवंटीच्याच कडेनं खरवडायची, भाई पाईप धरायचे, जोरात नाही, बोट लावून, धार बारीक करून. पहिलं पाणी चहासारखं गढूळ आलं, मग फिकं होत होत स्वच्छ निथळायला लागलं. चर खणून ते सगळं माडांकडे वळवलं. एकदा यशोदेनं चहा आणून दिला, एकदा भाईंनी विचारलं, "गुडघो बरो आसा?" एवढंच.

सातव्या दिवशी झाडांनी माना उचलल्या. बाराव्या दिवशी एका जास्वंदीच्या शेंड्याला नखाएवढं पान आलं, कोवळं, कडेपर्यंत हिरवं. यशोदेनं ते बोटानं शिवलंसुद्धा नाही, नुसती बघत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. नऊ झाडं गेली. एक्कावन्न जगली. संजनाबाईंनी येऊन पाहिलं, यशोदेनं खताची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली, उद्घाटन तसंही पंधरा दिवस पुढे गेलं होतं, आणि त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंत म्हणून बरं वाटलं. बागेला मला खरं सांगणारंच माणूस हवं."

यशोदेचं एक काम मात्र राहिलं होतं. ती नारळ घेऊन देवळात गेली. "परशुराम, ता गाऱ्हाणा मागे घे बाबा. झाडा मीच जाळलंय. माझाच घर करपात नायतर."

परशुराम हसला. "ता कधीच फिटला गे. तू गेलंस, आणि त्याच सांजेक भाई इलो होतो, नारळ घेवन."

"कित्याक? माझ्यावर उलटा घालूक?"

"नाय. तेनी म्हटला, माझ्या तळ्यान तिची झाडा जळली असतीत, तर देवा, माझा तळा आटांदे. नाय तर नाय, पण झाडा तिची जगांदे, तेच्याशिवाय तिका दुसरा काय आसा?"

अख्खा मालवण बाजार जिला बोलण्यात हरवू शकला नव्हता ती गाभाऱ्यापुढे नारळ छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "फोड नारळ. काय मागू नको. नुसतो फोड."

कुंड्या हॉटेलात जायच्या दिवशी तिनं त्यांतली सगळ्यात डेरेदार जास्वंद बाजूला काढली, जिच्यावर पहिली कळी धरली होती, आणि छातीशी धरून नेली भाईंच्या पायरीवर. डोक्यावर नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

भाईंनी कुंडी फिरवून फिरवून पाहिली. दोन जुन्या पानांच्या कडा अजून तपकिरी होत्या, बाकी सगळं हिरवं. "खत किती घालू गो हिका?" ते मिशीतल्या मिशीत म्हणाले.

"काय एक घालू नका," यशोदा म्हणाली. "पाणी घाला. तुमच्याच पाण्यावर जगली ती."

भाईंनी कळशी आणली, आणि दोघांनी मिळून ती कुंडी पायरीच्या उजव्या हाताला, सकाळचं ऊन पडतं तिथं, नीट बसवली.